टिपाड घासा की टिपाड झाका? तीस सेकंदांच्या स्पॉटचे तीन मसुदे

मृग लागायच्या सुमारास दरवर्षी एक निरोप येतो : "डासांवर ३० सेकंदांचा स्पॉट करून द्या, मजकूर पाठवलाय." मजकूर उघडला की तो परिपत्रकातून उचललेला एक परिच्छेद असतो. मी रेडिओसाठी लिहितो आणि गरज पडली तर माईकसमोरही बसतो. यंदा एका तालुक्याच्या आरोग्य कचेरीतून असाच मजकूर आला, तेव्हा मी त्याच्या शेजारी आणखी दोन मसुदे लिहून ठेवले आणि तिन्ही ऐकवून पाहिले. तुम्ही आरोग्य विभागात असा, कम्युनिटी रेडिओवर असा किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यासाठी मजकूर शोधत असा, यातला एक निवडायची वेळ तुमच्यावर येणार आहे. म्हणून तिन्ही इथं जसेच्या तसे देतो आणि माझं मत कशावर बसलं तेही सांगतो.

आधी वेळेचं बोलू. घाई न करता, श्वास घेत वाचलं तर ३० सेकंदांत मराठीचे ५५ ते ६० शब्द बसतात. त्यात काही आवाज घालायचे असले, दोन पात्रं असली, तर शब्द ४५ च्या खाली आणावे लागतात, कारण एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद जातोच. अन् ऐकणारा काय करत असतो? भाकरी थापत असतो, गोठ्यात असतो, नाहीतर बसमध्ये खिडकीला टेकून बसलेला असतो. त्याला वाक्य मागं सरकवून पुन्हा ऐकता येत नाही. एखादा शब्द अडला तर तो त्या शब्दापाशीच थांबतो आणि पुढची चार वाक्यं त्याच्या कानावरून जातात. मसुदा कागदावर चांगला वाटतो की नाही, याचा म्हणूनच काही उपयोग नसतो.

आता पहिला मसुदा. कचेरीतून आलेला, भाषा तीच, मी फक्त थोडा आवरला :

"नागरिकांनो, डेंग्यू व चिकनगुन्या हे आजार एडिस इजिप्ती या डासामुळे पसरतात. हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात पैदास करतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळावा. पाण्याच्या टाक्या, रांजण, कूलर, फुलदाण्या, फ्रिजच्या मागील ट्रे, टायर, नारळाच्या करवंट्या, भंगार यांत पाणी साचू देऊ नये. साठे झाकून ठेवावेत. ताप आल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासणी करावी. जनहितार्थ जारी."

५६ शब्द, म्हणजे मोजमापात बसतो. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, आणि भिंतीवरच्या फलकासाठी हा मजकूर उत्तम आहे. फलकासमोर माणूस थांबतो, पुन्हा वाचतो, बोट ठेवून "फ्रिजच्या मागं पण असतं का पाणी?" असं शेजाऱ्याला विचारतो. रेडिओवर मात्र हा मजकूर तीन ठिकाणी फसतो.

पहिलं ठिकाण 'एडिस'. माझ्या मावशीनं हा मसुदा ऐकला आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "एड्सचं कायतरी सांगत होते की." तिचं काही चुकलं नाही. 'एडिस' घाईत म्हटलं तर 'एड्स' असंच ऐकू येतं, आणि तो शब्द लोकांनी रेडिओवरच हजारदा ऐकलेला आहे. कान ओळखीच्या शब्दाकडेच वळतो. बोलताना डासाचं शास्त्रीय नाव घ्यायची काहीच गरज नाही. 'डेंग्यूचा डास' एवढं पुरतं.

दुसरं ठिकाण 'कोरडा दिवस'. आरोग्य खात्यात हा शब्द इतका रुळला आहे की तो परका वाटेल असं तिथं कोणाच्या मनातही येत नाही. पण ज्या गल्लीत नळ सहाव्या दिवशी येतो, तिथं कोरडा दिवस म्हणजे नळ न येणारा दिवस, आणि असे पाच दिवस ते दर आठवड्याला पाळतातच. शहरातल्या तरण्या पोरांना विचारलं तर त्यांना कोरडा दिवस म्हणजे ड्राय डे, दारूची दुकानं बंद असलेला दिवस. शब्द अधिकृत असला तरी ऐकणाऱ्याच्या घरात त्याचा अर्थ वेगळाच निघतो.

तिसरं ठिकाण म्हणजे ती यादी. आठ वस्तू सलग आल्या की पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधल्या विरतात. इथं शेवटी आहे भंगार, त्यामुळे ऐकणारा परसात जाऊन भंगार उचलतो, आणि न्हाणीजवळचं टिपाड, पाणी साठवायचा मोठा ड्रम, तसंच उभं राहतं. मराठवाड्यातल्या घरात डासांचा खरा कारखाना तेच टिपाड असतं.

कचेरीनं आणखी एक मागितलं होतं : सुरुवातीला डासाची गुणगुण टाका. हे सगळेच मागतात. छोट्या सेटच्या किंवा मोबाईलच्या स्पीकरवर ती गुणगुण सेटचीच घरघर वाटते, आणि मिडियम वेव्हवर तर लोक स्टेशन नीट लागलं नाही म्हणून खुंटी फिरवतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे गुणगुण ऐकली की डोक्यात उडणारा डास येतो. मग माणूस कॉइल लावायचा विचार करतो. आपल्याला त्याचं लक्ष न्यायचंय अजून न उडालेल्या डासाकडे, त्याच्या घरातल्या पाण्याकडे.

पुढचे दोन मसुदे कळायला त्या टिपाडात नेमकं काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

डेंग्यूच्या डासाची मादी अंडी घालते ती बहुधा पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर. अंडी काळी, खसखशीच्या दाण्याहून बारीक, आणि भिंतीला घट्ट चिकटलेली. टिपाड दोनशे लिटरचं. सोमवारी नळ आला आणि ते काठोकाठ भरलं असं धरा. मंगळवारी मादीनं वरच्या कडेला अंडी घातली. मग रोज तांब्यानं पाणी काढलं जातं, पातळी खाली जाते, अंडी वर कोरडी राहतात. कोरडी राहिली म्हणून ती मरत नाहीत, कित्येक महिने तशीच तग धरतात. पुढच्या रविवारी पुन्हा नळ आला. घरच्या बाईनं तळाशी उरलेल्या वीतभर पाण्यावरच नवं पाणी घेतलं, टिपाड पुन्हा काठापर्यंत चढलं आणि अंडी बुडाली. बुडणं ही त्यांच्यासाठी फुटायची खूण असते. त्यातून अळ्या निघतात, आपल्याकडच्या उकाड्यात पाचेक दिवस त्या वाढतात, मग दोनेक दिवस कोष, मग डास. अंडी मध्ये कोरडी न राहता बुडाली, तर घातल्यापासून उडेपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस.

म्हणजे आठवड्याच्या आत टिपाड पूर्ण रिकामं झालं तर अळ्या पाण्याबरोबर निघून जातात आणि त्या वेळेपुरता प्रश्न मिटतो. पण पूर्ण रिकामं कोण करतं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते बघितलेल्या माणसाला वीतभर पाणी ओतून दे म्हणणं अवघड आहे. तो तळाचं पाणी राखून ठेवतो, आणि त्या तळाच्या पाण्यात मागच्या आठवड्याच्या अळ्या असतात. एखाद्यानं सगळं ओतलंच, तरी भिंतीवरची अंडी राहतात. मग ज्या आठवड्यात नळाची पाळी चुकते, सहा दिवसांचे नऊ होतात, त्या आठवड्यात तीच अंडी डास होऊन उडतात.

यातून दोन वाटा निघतात. मादीला पाण्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही, म्हणजे झाकायचं. किंवा तिनं घातलेलं काढून टाकायचं, म्हणजे घासायचं. दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही केलं तर फारच चांगलं. पण एकदाच ऐकणाऱ्याला एकच क्रियापद द्यावं लागतं. दोन दिली की तो सोपं वाटेल ते निवडतो, आणि सोपं म्हणजे वर ठेवलेलं फळकुट.

दुसरा मसुदा 'झाका' वाल्यांचा. सासू-सुनेचा संवाद, सुरुवातीला नळाखाली टिपाड भरल्याचा आवाज :

सून : आत्या, टिपाड भरलं बघा!
सासू : भरलं, पण झाकलं का?
सून : फळकुट ठेवलंय की वर.
सासू : फळकुटाच्या फटीतून डास जातोय. जुनं धोतर घे, दुहेरी कर, वरून ताण अन् दोरीनं बांध.
सून : रोज सोडायचं अन् बांधायचं का?
सासू : डेंग्यूनं पडण्यापेक्षा बरं!
निवेदक : डेंग्यूचा डास घरच्याच पाण्यात होतो. पाणी भरलं की कापड बांधा.

४४ शब्द. हा मसुदा मला आवडतो, हे आधीच कबूल करतो. बोली आपल्याकडची आहे, धोतर डोळ्यासमोर येतं, आणि 'फळकुटाच्या फटीतून' या दोन शब्दांत अर्ध्या घरांची चूक पकडलेली आहे. झाकणाच्या बाबतीत लोक इथंच फसतात. प्लास्टिकच्या टिपाडाचं मूळ झाकण पहिल्या वर्षीच कुठंतरी हरवतं किंवा चिरतं, आणि उरलंच तर उलटं ठेवलेल्या झाकणाच्या खळग्यात पावसाचं पाणी साचून डासांना नवी जागा होते. कापडानं हे टळतं. पण कापड ताणलेलं हवं. सैल बांधलं की मध्ये झोळ पडतो, पाण्याला टेकतो, आणि त्या ओल्या कापडावर मादीला अंडी घालायला जागा मिळते. मसुद्यात 'ताण' हा शब्द त्यासाठीच घातला.

अडचण सुनेच्याच तोंडी आहे : "रोज सोडायचं अन् बांधायचं का?" रोज कुठलं, दिवसातून पंधरा वेळा. ज्या टिपाडातून सारखं पाणी काढायचं त्याची दोरी तिसऱ्या दिवशी सुटलेलीच असते. सासूचं उत्तर झणझणीत आहे, पण उत्तर झणझणीत आहे म्हणून दोरी बांधली जात नाही.

दुसरी अडचण संवादाचीच. दोन बायकांचे आवाज वेगळे हवेत, नाहीतर कोण बोलतंय तेच कळत नाही. ध्वनिमुद्रणाला हाताशी असलेल्या दोन जणी बहुधा एकाच वयाच्या असतात, अन् मग एक जण थरथरत्या आवाजात म्हातारीची नक्कल करते, आणि सगळा स्पॉट विनोदी होऊन बसतो. मावशीनं ऐकल्यावर पहिलं काय म्हटलं? "सासू चांगली खमकी होती." धोतर तिच्या लक्षात राहिलं, बांधायचं राहिलं नाही. किस्सा लक्षात राहिला, काम निसटलं. संवाद लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा धोका मोजायला हवा : माणसाला भांडण आठवतं, भांडणातला उपाय नाही.

तिसरा मसुदा 'घासा'. एकच आवाज, बाईचा, मध्यम वयाचा, आणि काथ्यानं टिपाड घासल्याचा आवाज :

(खर्र… खर्र… तीन सेकंद)
"ऐकलं? टिपाड घासायचा आवाज. डेंग्यूच्या डासाची अंडी टिपाडाला आतून चिकटलेली असतात. पाणी ओतलं तरी ती तिथंच राहतात. नवं पाणी चढलं की फुटतात. म्हणून पाणी यायच्या आधी टिपाड आतून घासा. वरच्या काठापासून तळापर्यंत. मगच भरा.
(खर्र… खर्र…)
पाणी यायच्या आधी, टिपाड घासा."

शब्द ३९, आवाजाचे पाच-सहा सेकंद धरून ३० सेकंदांत आरामात बसतो, दोन ठिकाणी श्वास घ्यायलाही जागा उरते. 'झाका' पेक्षा 'घासा' या शब्दाचं वजन मला इथं जास्त वाटतं, कारण 'घासा' मध्ये 'रिकामं करा' हे न बोलता येतं. भरलेलं टिपाड आतून घासता येत नाही. त्यामुळे "पाणी फेका" हे आपल्या भागात कानाला टोचणारं वाक्य उच्चारावंच लागत नाही. तळाचं पाणी बाई आपोआप बादलीत काढते, झाडाला नाहीतर परसात मातीवर ओतते, आणि मातीवर पडलेल्या अळ्या तिथंच मरतात. ते पाणी तिनं दुसऱ्या भांड्यात साठवून ठेवलं तर मात्र अळ्याही तिथं जातात. हे वाक्य स्पॉटमध्ये बसवायचा मोह मला झाला होता. आवरला. ते आशाताईंनी घरी गेल्यावर सांगायचं.

शिवाय घासणं रोजचं काम नाही. नळाच्या पाळीला एकदा. आणि त्याला आठवण करून द्यायला वेगळा दिवस नेमायला लागत नाही, नळाचा दिवस घराला पाठच असतो. 'कोरडा दिवस' जे सांगू पाहतो तेच हे सांगतं, फक्त तारीख कचेरीच्या नव्हे, घराच्या पंचांगातली.

आवाजाबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण या मसुद्याचा निम्मा भार त्यावर आहे. आम्ही आधी स्टुडिओत बादलीवर घासणी फिरवून आवाज घेतला. तो भांडी घासल्यासारखा आला, खरकटं डोळ्यासमोर उभं राहिलं. मग खरं टिपाड आणलं, आडवं केलं, माईक आत सोडला आणि काथ्या थोडा ओला करून वरच्या कडेवर फिरवला. आता त्याला पोकळ घुमारा आला. तो घुमाराच सांगतो की टिपाड रिकामं आहे आणि हात आत आहे. ज्यानं आयुष्यात एकदा टिपाड घासलंय त्याला तो आवाज दुसऱ्या कशाचा वाटत नाही. कोरडा काथ्या वापरलात तर पॉलिश पेपरसारखं ऐकू येतं, तो नको. 'झाका' ला असा आवाज सापडत नाही. कापड बांधल्याचा आवाज काय असतो? काहीच नाही. रेडिओवर जे काम ऐकू येतं ते सांगायला निम्मे शब्द लागतात.

आता मावशी. परभणीपासून फार लांब नसलेल्या गावात राहते, नळ सहाव्या दिवशी येतो. तिला मी "समजलं का?" असं कधी विचारत नाही, त्याला सगळे "हो" म्हणतात. ती तांदूळ निवडत असताना मोबाईलवर एकदाच वाजवतो, मग चहा, इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि दहा मिनिटांनी विचारतो : "मघाशी ते काय करायला सांगत होते?" तिसऱ्या मसुद्यावर ती लगेच म्हणाली, "टिपाड घासायचं. आतनं."

मी खूश झालो. "कधी?"

"पाणी यायच्या आधी. आता येईलच की, मृग लागला." अन् तिनं खिडकीतून आभाळाकडं बघितलं.

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडं 'पाणी आलं' म्हणजे नळ आला, तसंच पाऊस आला असंही. जूनमध्ये तर पाऊसच आधी. म्हणजे माझ्या स्पॉटनं तिला वर्षातून एकदा, पावसाआधी टिपाड घासायला सांगितलं होतं. सगळं बरोबर लक्षात राहिलं आणि काम चुकीचं झालं, हे पहिल्या मसुद्यातल्या 'एड्स' पेक्षाही वाईट, कारण तिथं निदान गोंधळ दिसतो तरी.

दोन्ही ठिकाणी 'पाणी' काढून 'नळ' घातलं : "नळ यायच्या आधी टिपाड घासा." शब्दसंख्या तीच. पुन्हा ऐकवलं ते मावशीला नव्हे, तिला उत्तर माहीत झालं होतं. शेजारच्या काकूंना ऐकवलं. त्यांनी मान न वर करता सांगितलं, "परवा नळ हाय, उद्या घासायचं." मला हवं होतं ते वाक्य हेच. दिवस आणि काम दोन्ही त्यांच्या तोंडून आलं.

तर निवड. जिथं नळ आठवड्याच्या आत येतो आणि साठा टिपाडात, रांजणात, हौदाच्या लहान टाकीत आहे, तिथं मी तिसरा मसुदा घेईन, दुसऱ्याचा विचारही न करता. टँकरवर जगणाऱ्या गावासाठी त्याच मसुद्याची दुसरी प्रत काढायची, 'नळ' च्या जागी 'टँकर'. एक शब्द बदलतो म्हणून एकच प्रत दोन्हीकडे चालवू नका. "नळ किंवा टँकर यायच्या आधी" असं जोडवाक्य केलं की ते पुन्हा परिपत्रकासारखं वाजतं, आणि ज्याच्याकडे नळ नाही तो पहिल्याच शब्दाला "हे आपल्यासाठी नाही" म्हणून कान काढून घेतो.

जिथं नळ दहा-बारा दिवसांनी येतो तिथं हिशेब पालटतो. घासून भरलेल्या टिपाडातही तेवढ्या दिवसांत नवा डास तयार होऊ शकतो, कारण पाणी काढताना उडणाऱ्या शिंतोड्यांनी आणि मध्येच ओतलेल्या बादलीनं कडेची अंडी भिजत राहतात. जमिनीतल्या मोठ्या हौदाचंही तसंच, तो कोणी दर आठवड्याला रिकामा करणार नाही. अशा भागासाठी दुसरा मसुदा घ्या, पण शेवटचं वाक्य बदला. निवेदकाच्या तोंडी पुन्हा 'धोतर' आणि 'ताणून' हे शब्द येऊ द्या, म्हणजे सासूच्या खमकेपणात ते हरवणार नाहीत : "धोतर दुहेरी, ताणून बांधा." मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणं हा चांगला उपाय आहे, पण मासे कुठून आणायचे हा प्रश्न लगेच येतो आणि ३० सेकंदांत त्याचं उत्तर बसत नाही. अळीनाशक टाकणं हे आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम, त्याचा उल्लेखही नको. ते ऐकलं की लोक "येतील अन् टाकून जातील" म्हणून वाट बघत बसतात.

पहिला मसुदा फेकू नका. फलकावर लावा, पत्रकात छापा, फक्त 'कोरडा दिवस' च्या खाली कंसात काय करायचं ते लिहा.

'जनहितार्थ जारी' आणि कार्यालयाचं नाव हे घालावंच लागतं, त्यावरून आमची दरवेळी ओढाताण होते. ते शेवटी टाकलं तर ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी कचेरीचं नाव राहतं. म्हणून मी ते शेवटच्या खरखरीच्या आधी घालतो : "मगच भरा", मग कार्यालयाचं नाव, मग दोनदा खर्र, आणि मग "नळ यायच्या आधी, टिपाड घासा." कचेरीला याला हरकत नसते, फक्त विचारलं पाहिजे. आणि 'टिपाड' हा शब्द तुमच्या भागात चालतो का तेही एकदा बघा. कुठं ड्रम म्हणतात, कुठं बॅरल. ध्वनिमुद्रणाला येणाऱ्या बाईला विचारलं तरी कळतं. आमच्याकडच्या निवेदिकेनं पहिल्या वाचनाला 'पिंप' म्हटलं होतं, कारण ती पुण्यात वाढलेली. मावशीनं ऐकून विचारलं असतं, पिंप म्हणजे काय.

आता एक प्रत टँकरची आणि एक नळाची अशा दोन फायली तयार आहेत. उन्हाळ्यात कूलरचीही एक काढायचा विचार आहे, त्याच्या टाकीच्या कडेला असाच अंड्यांचा थर बसतो. पण कूलरची टाकी पत्र्याची. तिचा घुमारा वेगळा, माईक पुन्हा आत सोडावा लागेल.